पंपावरच्या पेट्रोलदराची फोड: साताऱ्यातील एका लिटरचा हिशेब

पेट्रोल पंपाच्या पाटीवर एकच आकडा असतो आणि हातात पडणाऱ्या पावतीवरही लिटर, दर आणि रक्कम याखेरीज काही छापलेले नसते. कपड्याच्या किंवा भांड्याच्या दुकानातील बिलावर कर वेगळा दाखवलेला असतो. पेट्रोल मात्र अजून जीएसटीच्या बाहेर असल्याने त्याच्या पावतीवर अशी फोड दिसत नाही. त्यामुळे एका लिटरमागे केंद्राला किती, राज्याला किती, पंपचालकाला किती आणि तेलकंपनीला किती मिळते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला पाटीवरच्या आकड्यापासून उलट खाली उतरत जावे लागते. सातारा जिल्ह्यातील दूधवाहतूक करणाऱ्या काही गाड्यांचे हिशेब पाहताना नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी हा हिशेब ज्या क्रमाने शिकवतो, त्याच क्रमाने तो येथे मांडला आहे.

नवख्या माणसाची चूक बहुधा आकड्यांत नसते, ती क्रमात असते. दर बनताना जो घटक सर्वांत शेवटी चढतो तो फोड करताना सर्वांत आधी उतरवावा लागतो, आणि महाराष्ट्रात कोणता घटक शेवटी चढतो याबद्दल बऱ्याच जणांची समजूत वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या दिल्लीच्या दराच्या तक्त्यावरून झालेली असते. या एका मुद्द्यामुळे राज्याच्या वाट्याच्या आकड्यात लिटरमागे ऐंशी-नव्वद पैशांचा फरक पडतो, म्हणून त्याचा खुलासा पुढे सविस्तर केला आहे.

आधी कोणते आकडे जमवायचे

पहिला आकडा म्हणजे पाटीवरचा दर. तो साध्या पेट्रोलचा असावा. जादा ऑक्टेनचे किंवा कंपनीच्या खास नावाने विकले जाणारे पेट्रोल घेऊ नये, कारण त्याच्यावरचे उत्पादन शुल्क वेगळे असते आणि त्याची मूळ किंमतही वेगळी ठरते. दराबरोबर तारीख व पंपाचे गाव लिहून ठेवावे. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी सहा वाजता बदलता येतो, आणि एकाच जिल्ह्यात साताऱ्याचा दर महाबळेश्वरला लागू पडत नाही. या लेखापुरता आपण २०२५ च्या उत्तरार्धातील साताऱ्याचा दर लिटरला १०४ रुपये ६२ पैसे होता असे धरू. पैसे सुटसुटीत यावेत म्हणून हा आकडा मी निवडला आहे. वाचकाने येथे स्वतःच्या पंपाचा आकडा घालावा.

दुसरा आकडा केंद्रीय उत्पादन शुल्काचा. ८ एप्रिल २०२५ पासून साध्या पेट्रोलवर ते लिटरला २१ रुपये ९० पैसे झाले. हे शुल्क टक्केवारीत नसून लिटरमागे ठरलेली रक्कम असते, त्यामुळे कच्चे तेल महाग झाले म्हणून ते आपोआप वाढत नाही आणि स्वस्त झाले म्हणून कमीही होत नाही. ते बदलते ते केवळ केंद्राच्या अधिसूचनेने, आणि म्हणूनच हिशेबात दर ज्या तारखेचा असेल त्याच तारखेला लागू असलेले शुल्क घेतले पाहिजे.

तिसरा आकडा राज्याच्या मूल्यवर्धित कराचा, ज्याला सगळे व्हॅट म्हणतात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पेट्रोलवरचा व्हॅट दोन भागांचा आहे: २५ टक्के, आणि त्याखेरीज लिटरला ५ रुपये १२ पैसे ठोक. हा ठोक भाग जुलै २०२२ पर्यंत १० रुपये १२ पैसे होता. त्या महिन्यात राज्य सरकारने तो पाच रुपयांनी कमी केला तेव्हा मुंबईचा दर १११ रुपये ३५ पैशांवरून १०६ रुपये ३१ पैशांवर, म्हणजे सुमारे पाचच रुपयांनी उतरला. ठोक भागावर पुन्हा टक्केवारी चढत नाही, हे त्यावरून ध्यानात ठेवावे.

चौथा आकडा डीलर कमिशनचा, आणि चारांत हाच जरा निसरडा आहे. कमिशन हे पाटीवरच्या दराचे टक्केवारीतील प्रमाण नव्हे. ते काही अंशी ठोक आणि काही अंशी मालाच्या किमतीवर ठरते, त्यामुळे ते गावागणिक काही पैशांनी इकडेतिकडे होते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तेलकंपन्यांनी ते पेट्रोलवर सुमारे ६५ पैशांनी वाढवले आणि त्यानंतर दिल्लीच्या तक्त्यात ते ४ रुपये ४० पैशांच्या आसपास दिसू लागले. आपल्या गणितासाठी हाच आकडा घेऊ. ओळखीच्या पंपचालकाने त्याचा नेमका आकडा सांगितला तर तो घ्यावा. न सांगितल्यास किती चूक होऊ शकते हे पुढे येईलच.

वरून खाली उतरण्याच्या चार पायऱ्या

पाटीवरच्या १०४.६२ मधून प्रथम कमिशनचे ४.४० वजा करावे. उरतात १००.२२. ही साधारणपणे ती रक्कम आहे जी पंपचालक एका लिटरसाठी तेलकंपनीला मोजतो, आणि तीत कंपनीची किंमत, केंद्राचे शुल्क व राज्याचा कर असे तीनही एकत्र असतात.

त्यानंतर व्हॅटचा ठोक भाग, म्हणजे ५.१२, काढून ठेवावा. उरतात ९५.१०.

तिसऱ्या पायरीला पाढे पाठ असलेल्या माणसाला कागदाचीही गरज लागू नये. उरलेल्या ९५.१० मध्ये मूळ रक्कम आणि तिच्यावरचे २५ टक्के असे दोन्ही आहेत, म्हणजेच हा आकडा मूळ रकमेच्या सव्वापट आहे. सव्वापटीत चार भाग मूळ आणि पाचवा भाग कर असतो, म्हणून ९५.१० चा पाचवा हिस्सा, १९.०२, हा टक्केवारीतील व्हॅट झाला आणि उरलेले ७६.०८ ही मूळ रक्कम झाली. येथे पुष्कळ जण थेट ९५.१० चे २५ टक्के काढतात आणि २३.७८ असा आकडा लिहून मोकळे होतात. काही जण तर पाटीवरच्या १०४.६२ चेच २५ टक्के काढून सव्वीस रुपयांच्या वर जातात आणि त्यात पुन्हा ५.१२ मिळवतात. कर ज्या रकमेवर चढला तिच्यावर त्याची टक्केवारी मोजायची असते, कर चढून झालेल्या रकमेवर नव्हे. विक्रीकराच्या काळातील जुने मुनीम ज्याला ‘आतला कर काढणे’ म्हणत तेच येथे करायचे आहे.

ठोक आणि टक्केवारीतील असे दोन्ही भाग मिळून राज्याचा व्हॅट १९.०२ अधिक ५.१२, म्हणजे २४ रुपये १४ पैसे होतो.

चौथी पायरी अगदी सोपी. ७६.०८ मधून उत्पादन शुल्काचे २१.९० वजा केले की ५४ रुपये १८ पैसे उरतात, आणि हीच आपल्या फोडीतील पायाभूत किंमत. चारही घटक उलट जोडून पाहावेत: ५४.१८, २१.९०, २४.१४ आणि ४.४० यांची बेरीज १०४.६२ येते. एका पैशाचा फरक पूर्णांकनामुळे पडू शकतो. त्याहून अधिक पडल्यास कुठेतरी वजाबाकी चुकली आहे.

रोज किंवा अनेक गावांसाठी हा हिशेब करायचा असेल तर तक्त्यात बी१ मध्ये पाटीवरचा दर, बी२ मध्ये कमिशन आणि बी३ मध्ये उत्पादन शुल्क लिहून पुढील दोन सूत्रे बी४ आणि बी५ मध्ये घालावीत. पहिले पायाभूत किंमत देते आणि दुसरे व्हॅट.

```
B4: =(B1-B2-5.12)/1.25-B3
B5: =(B4+B3)*0.25+5.12
```

कमिशन करपात्र रकमेच्या आत की बाहेर

आता ज्या मुद्द्याचा वर उल्लेख केला त्याकडे येऊ. तेलकंपन्या आणि केंद्राचा पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष दिल्लीच्या दराची जी फोड प्रसिद्ध करतात, तीत व्हॅटच्या ओळीसमोर ‘डीलर कमिशनवरील व्हॅटसह’ असा खुलासा असतो. तेथे कंपनीची किंमत, उत्पादन शुल्क आणि कमिशन यांची आधी बेरीज होते आणि मग त्या बेरजेवर १९.४० टक्के व्हॅट लागतो. वर्तमानपत्रांतून हाच तक्ता छापून येत असल्यामुळे महाराष्ट्रातही तसेच असणार, असे गृहीत धरून लोक पाटीवरच्या दरातून ५.१२ वजा करतात आणि उरलेल्याला सव्वाने भागतात. साताऱ्याच्या आपल्या उदाहरणात असे केल्यास ९९.५० ला सव्वाने भागून ७९.६० येतात, व्हॅट २५.०२ ठरतो आणि पायाभूत किंमत ५३.३० निघते. बेरीज याही वेळी १०४.६२ च येते, त्यामुळे चूक बेरजेवरून कधीच पकडता येत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालू राहते.

महाराष्ट्राच्या कर-अनुसूचीत पेट्रोलचा दर हा माल किरकोळ विक्रेत्याला पोचता करण्याच्या व्यवहाराशी जोडलेला आहे, म्हणजे कर लागतो तो कंपनी पंपचालकाला जो माल विकते त्यावर. पंपचालकाचे कमिशन त्यानंतर, कर चढून झाल्यावर मिळवले जाते. हे केवळ शब्दांवर विसंबून मानण्याची गरज नाही, कारण एका प्रसंगाने त्याची चाचणी आपल्याला आयती मिळाली आहे.

जून २०२४ च्या अखेरीस मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील व्हॅट उर्वरित महाराष्ट्राच्या पातळीवर आणला गेला आणि १ जुलैपासून तेथे पेट्रोलवर २६ ऐवजी २५ टक्के व डिझेलवर २४ ऐवजी २१ टक्के कर लागू झाला. कंपन्यांनी त्या वेळी इतर काहीही बदलले नव्हते, असे धरून दोन्ही रीतींनी नवा दर काढून पाहता येतो. डिझेलचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्याच्यावर ठोक भाग नाही आणि बदल पूर्ण तीन टक्क्यांचा आहे. मुंबईत डिझेल आधी ९२ रुपये १५ पैसे होते. कमिशन करपात्र रकमेच्या आत धरले तर ९२.१५ ला १.२४ ने भागून १.२१ ने गुणावे लागते आणि नवा दर ८९.९२ यायला हवा. कमिशन बाहेर धरले, आणि ते तेव्हा लिटरला सुमारे अडीच रुपये होते असे घेतले, तर ८९.६५ ला १.२४ ने भागून १.२१ ने गुणायचे व शेवटी अडीच रुपये परत मिळवायचे, उत्तर ८९.९८ येते. प्रत्यक्षात मुंबईचा दर ८९ रुपये ९७ पैसे झाला. पहिली रीत पाच पैशांनी चुकते, दुसरी एका पैशाने.

पेट्रोलवर बदल एकाच टक्क्याचा असल्याने तेथे फरक कमी दिसतो. १०४.२१ वरून पहिल्या रीतीने १०३.४२ आणि दुसऱ्या रीतीने, तेव्हाचे पावणेचार रुपयांच्या आसपासचे कमिशन धरून, १०३.४५ येतात, प्रत्यक्ष दर १०३.४४ होता. एवढ्यावरून निर्णय देणे धाडसाचे ठरले असते, पण डिझेलच्या आकड्याबरोबर वाचले की कौल एकाच बाजूला जातो. वर मी कमिशन सर्वांत आधी उतरवले त्यामागे हे कारण आहे. ज्याला आणखी खात्री हवी असेल त्याने पंपचालकाला मिळणारे कंपनीचे बीजक पाहावे. साताऱ्याच्या उदाहरणात त्यावर लिटरमागे कराची रक्कम २४ रुपयांच्या आसपास आहे की २५ च्या, एवढे पाहिले तरी प्रश्न मिटतो.

कमिशनचा आकडाच अंदाजाने घेतला असेल तर काय होते, हेही येथेच पाहून घेऊ. प्रत्यक्ष कमिशन ४.४० ऐवजी ४.३० असेल तर ते दहा पैसे उरलेल्या रकमेत जातात आणि सव्वाच्या नियमाने त्यांतील आठ पैसे पायाभूत किमतीत व दोन पैसे व्हॅटमध्ये पडतात. म्हणजे व्हॅटचा आकडा कमिशनमधील चुकीने फारसा हलत नाही. हलते ती पायाभूत किंमत. त्यामुळे कमिशन अंदाजाने घेतले असल्यास पायाभूत किंमत ‘सुमारे’ या शब्दासह लिहावी, व्हॅट मात्र निर्धास्तपणे लिहावा.

पायाभूत किंमत म्हणजे नेमके काय

या शब्दामुळे वाचकाला वाटते की कच्च्या तेलाची किंमत आणि शुद्धीकरणाचा खर्च मिळवून कोणीतरी ५४.१८ हा आकडा काढला आणि मग त्यावर कर चढवत पाटीपर्यंत नेले. आपण तो ज्या रीतीने काढला त्यावरून दिसते की तो शिल्लक राहिलेला आकडा आहे. पेट्रोलचा दर २६ जून २०१० पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला असून तो ठरवण्याची मुभा कंपन्यांना आहे. तरी कित्येक महिने पाटीवरचा दर जागचा हलत नाही आणि जगातील तेलाचे चढउतार कंपन्यांच्या नफ्यातोट्यात जिरतात. अशा काळात कच्च्या तेलाचा भाव आणि आपली पायाभूत किंमत यांचा रोजचा मेळ घालायला बसणे व्यर्थ असते.

एप्रिल २०२५ चे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. ८ तारखेला उत्पादन शुल्क १९.९० वरून २१.९० झाले, म्हणजे दोन रुपयांनी वाढले. पाटीवरचा दर मात्र वाढला नाही. आपल्या सूत्रात दर, कमिशन आणि व्हॅट तेच ठेवून केवळ शुल्क बदलून पाहावे. ७६.०८ ही करपात्र रक्कम तशीच राहते, व्हॅटही २४.१४ च राहतो, आणि पायाभूत किंमत ५६.१८ वरून ५४.१८ वर येते. वाढलेले दोन रुपये ग्राहकाने दिले नाहीत, कंपनीने आपल्या वाट्यातून सोडले. तेच दोन रुपये कंपनीने पुढे ढकलले असते तर साताऱ्यातील पाटी दोन नव्हे, अडीच रुपयांनी वाढली असती, कारण उत्पादन शुल्क करपात्र रकमेत मोडते आणि त्यावर राज्याचे २५ टक्के चढतात. केंद्राने एक रुपया वाढवला की राज्याला काहीही न करता चार आणे मिळतात, आणि केंद्राने एक रुपया कमी केला की राज्याचेही चार आणे जातात. राजकीय भाषणांतून यांपैकी सोयीची एकच बाजू सांगितली जाते.

पायाभूत किमतीत आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्या इथेनॉलची खरेदी-किंमत व तिच्यावरचा ५ टक्के जीएसटी याच आकड्यात असतो. सातारा-सांगलीच्या उसापासून कारखान्यांनी बनवलेल्या इथेनॉलचा पैसा फोडीत वेगळा शोधणाऱ्याला म्हणूनच तो सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डेपोपासून पंपापर्यंतचे टँकरभाडे. मिरज व हजारवाडी येथे तेलाचे डेपो असल्याने सांगली-मिरजेच्या पंपाला हे भाडे थोडे पडते, तर जत, आटपाडीकडे किंवा घाट चढून महाबळेश्वरला जाताना ते वाढते. भाडेही कर लागण्यापूर्वी किमतीत धरलेले असल्याने तेही सव्वापट होऊन ग्राहकाकडे पोचते. दोन गावांच्या पाट्यांत ५० पैशांचा फरक दिसला आणि इतर सर्व घटक सारखे असले, तर त्यातील ४० पैसे भाड्याचे आणि १० पैसे भाड्यावरच्या व्हॅटचे असतात.

आलेली पायाभूत किंमत पटण्याजोगी आहे की नाही हे तपासायला दिल्लीचा तक्ता पुन्हा उपयोगी पडतो. तेथे मात्र त्याचा क्रम वापरायचा नाही, शेवटचा आकडा तेवढा पाहायचा. २०२५ मध्ये दिल्लीचा दर ९४.७७ असताना १९.४० टक्क्यांच्या हिशेबाने व्हॅट १५.४० निघतो, आणि शुल्क व ४.४० कमिशन वजा जाता ५३.०७ उरतात. कंपन्यांची मूळ किंमत देशभर एकमेकींच्या जवळपास असते आणि फरक मुख्यतः वाहतुकीचा असतो. त्यामुळे साताऱ्याचे ५४.१८ हे दिल्लीच्या ५३.०७ पेक्षा रुपयाभराने अधिक असणे स्वाभाविक दिसते. तुमच्या गणितात मात्र पायाभूत किंमत एकदम ५० किंवा ५७ आली, तर बहुधा शुल्काचा जुना आकडा घेतला गेला आहे, किंवा ५.१२ ऐवजी जुने १०.१२ वजा झाले आहेत, किंवा पाटीवरचा आकडा खास पेट्रोलचा आहे. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा पहिलीच चूक येते, कारण शुल्काचे जुने आकडे मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांत तारखेविना वर्षानुवर्षे जिवंत असतात.

उत्पादन शुल्काच्या आत

२१ रुपये ९० पैसे हा एकच आकडा वजा केला तरी फोडीचे काम भागते. परंतु ‘केंद्र यातील ४१ टक्के राज्यांना परत देते’ असे विधान हमखास ऐकू येते, म्हणून त्याच्या आत एकदा डोकावणे बरे. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या या रकमेत मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे होते, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये होते, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये होता आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर अडीच रुपये होता. घटनेनुसार उपकर आणि अधिभार राज्यांमध्ये वाटून देण्याच्या निधीत मोडत नाहीत. वाटणीला येते ते केवळ १ रुपया ४० पैशांचे मूळ शुल्क, आणि ४१ टक्क्यांनी त्यातील सुमारे ५७ पैसे देशातील सर्व राज्यांना मिळून जातात. एप्रिल २०२५ ची दोन रुपयांची वाढ विशेष अतिरिक्त शुल्कात झाली होती, त्यामुळे तिच्यातून या वाटणीत काहीच आले नाही. हिशेब लिहिताना २१.९० च्या ४१ टक्के काढून ते राज्याच्या रकान्यात टाकणे ही म्हणूनच ढोबळ चूक ठरते.

टक्केवारीची तुलना करताना

जत, मिरज भागातील पुष्कळ गाड्या कर्नाटकाच्या हद्दीत जाऊन टाकी भरतात आणि तेथे पेट्रोल स्वस्त का, असा प्रश्न फोड शिकणारा प्रत्येक जण विचारतो. कारण जून २०२४ पासून कर्नाटकाचा पेट्रोलवरील विक्रीकर २९.८४ टक्के होता, आणि आपला २५. उत्तर ठोक भागात आहे. आपल्या उदाहरणात राज्याचे २४.१४ हे ७६.०८ या करपात्र रकमेशी ताडून पाहिले तर प्रमाण ३१.७ टक्क्यांच्या वर जाते. कर्नाटकात असा ठोक भाग नाही. त्यातही दोन राज्यांची करपात्र रक्कम एकाच रीतीने ठरत असेल असे नाही, त्यामुळे टक्केवारी शेजारी शेजारी ठेवण्याऐवजी दोन्हीकडे लिटरमागे करापोटी किती रुपये जातात तेच मांडावे.

ठोक भागाचा आणखी एक परिणाम असा की पायाभूत किंमत उतरते तेव्हा कराचे प्रमाण वाढलेले दिसते. ५४.१८ ऐवजी ती ४४.१८ झाली, तर करपात्र रक्कम ६६.०८ होते आणि व्हॅट १६.५२ अधिक ५.१२ मिळून २१.६४, रुपयांत तो अडीच रुपयांनी कमी झाला, पण प्रमाण ३२.७ टक्क्यांवर गेले. पाटी अशा वेळी दहा नव्हे, साडेबारा रुपयांनी उतरायला हवी. ती त्याहून कमी उतरली, तर शुल्क, व्हॅट किंवा कमिशन यांपैकी काय त्याच दिवशी बदलले ते शोधावे, आणि त्या तारखेला तक्त्यात नवी ओळ सुरू करावी. जुन्या ओळीतील आकडे पुसून त्यांच्या जागी नवे घालू नयेत.